छत्रीचं कार्ड

बालवर्गाच्या बाईंनी तीन रविवार खर्ची घालून वर्गाचा बोर्ड सजवला होता. पाठीमागे डोळ्यांत भरणारा चकचकीत नारिंगी कागद, भोवती गुलाबी आणि पोपटी झालर, वरच्या कोपऱ्यात गालांवर खळ्या असलेला सूर्य आणि उरलेल्या जागेत चमकी लावलेली सव्वीस फुलपाखरं. उरलेली जागा तशी नव्हतीच, पण फुलपाखरांनी ती करून घेतली. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दारात उभ्या राहून "चैतन्य आहे हो" म्हणाल्या. पालकांनी फोटो काढले. शेजारच्या वर्गाच्या बाई आठवडाभर नीट बोलल्या नाहीत, म्हणजे बोर्ड खरोखरच चांगला झाला होता.

या बोर्डाला एक कामही होतं. बावीस मुलांची बावीस कार्डं त्यावर टांगलेली असत. प्रत्येकावर नाव आणि एक चित्र: बदक, किल्ली, होडी, बादली. चार वर्षांच्या माणसाला नाव वाचता येत नाही, पण आपलं बदक कुठलं ते कळतं. सकाळी आल्यावर आपलं कार्ड काढायचं आणि 'मी आले, मी आलो' असं लिहिलेल्या कागदी खिशात टाकायचं. झाली हजेरी.

एकवीस मुलांची हजेरी धक्काबुक्कीने का होईना, व्हायची. बाविसावी मुंगी. घरचं नाव तेच, शाळेतही तेच पडलं. मुंगी बोर्डापुढे यायची, दोन्ही हात कानांवर ठेवायची आणि उभी राहायची. रंगांना आवाज नसतो, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिच्या कार्डावर लाल छत्री होती. ती छत्री तिला एकदाही सापडली नाही.

सोमवारी मोठ्या बाईंनी हे पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं. मोठ्या बाई वाईट नव्हत्या, फक्त वहीत लिहिलेलं त्यांना खरं वाटायचं. मूल अजून तयार नाही, असं त्यांचं मत पडलं. शुक्रवारी पुन्हा बघू, नाहीतर तिला खालच्या खेळगटात बसवू, वर्षभराने काय बिघडतं. बिघडत काहीच नव्हतं, फक्त मुंगीची एकुलती एक मैत्रीण या वर्गात होती आणि मुंगीला तिच्याशी बोलायला लागून अवघे आठ दिवस झाले होते.

बाईंना एक गोष्ट खटकत होती. तीच छत्री मुंगीच्या पाण्याच्या बाटलीवर होती, दप्तराच्या खुंटीवर होती. तिथे मुंगी एका फटक्यात हात घालायची. म्हणजे छत्री कळत होती. मग बोर्डावरच काय व्हायचं?

त्या संध्याकाळी घरी सासूबाई चष्मा शोधत होत्या. त्या चष्म्याच्या काडीला लाल फीत बांधून ठेवत, म्हणजे तो पसाऱ्यातून पटकन दिसतो. ही युक्ती नातीला इतकी पटली होती, की तिने दुपारभर खपून रिमोटला, औषधाच्या डब्याला, किल्ल्यांना, पेनाला आणि दोन उशांना लाल फिती बांधल्या होत्या. आजीची सोय म्हणून.

"अगं, सगळ्यालाच लाल बांधल्यावर माझं लाल मला दिसायचं कसं?" सासूबाई म्हणाल्या.

बाई हातातली कणीक तशीच ठेवून दोन मिनिटं उभ्या राहिल्या. सासूबाईंना वाटलं, सून चष्मा आठवते आहे. चष्मा कपाळावर होता.

मंगळवारी शाळा सुटल्यावर बाई बोर्डापुढे जमिनीवर बसल्या. तीन रविवार त्यांनी तो उभ्याने पाहिला होता. खालून पाहिल्यावर कळलं, की छतावरच्या दिव्यांचा उजेड चकचकीत कागदावर पडतो आणि तो थेट मुंगीच्या उंचीवर येऊन डोळ्यांत घुसतो. कार्डं निरनिराळ्या सात भडक रंगांची. लाल छत्री गुलाबी कार्डावर, मागे नारिंगी, बाजूला फुलपाखराचा लाल पंख. छत्री होती, पण तिला शोधायला पंचनामा करावा लागला असता. बाईंना स्वतःला नऊ सेकंद लागले, आणि ती त्यांनीच चिकटवली होती.

त्यांनी सगळं उतरवलं. फुलपाखरं काढताना जिवावर आलं, पण काढली.

सुधारणा करायची तर पुरती, असा बाईंचा स्वभाव. बुधवारी बोर्डावर वह्यांना घालतात तो खाकी कागद लागला. कार्डंही खाकी. चित्रं काळ्या रेघांची. एका आईने विचारलं, शाळेला पार्सल आलंय का. मुलांना तर बोर्ड आहे हेच लक्षात आलं नाही. ती सरळ खिडकीशी गेली, तिथे एक मांजर होतं. मुंगीने कानांवर हात ठेवले नाहीत, ही जमेची बाजू. तिनेही मांजरच पाहिलं. हजेरी बाईंनी तोंडी घेतली.

शेजारच्या वर्गाच्या बाई मात्र त्या दिवशी अगदी मोकळेपणाने बोलल्या.

गुरुवारी बाईंनी हात आखडता घेऊन काम केलं. खाकी कागद राहू दिला, त्यावर उजेड चमकत नव्हता. झालर एकच, फिकट निळी. कार्डं सगळी सायीच्या रंगाची, पण चित्रांना त्यांचे रंग परत दिले, कडेला जाड गडद रेघ. दोन कार्डांमध्ये तळहाताएवढी मोकळी जागा. बोर्ड एक फूट खाली आणला. आणि भडक रंग फक्त एका गोष्टीला, कार्ड टाकायच्या खिशाला. तो पिवळाजर्द. नजर आधी तिथे जाणार, आणि तिथे जाऊन काम काय ते कळणार. सूर्याला परत घ्यायची फार इच्छा झाली. हात दोनदा पुढे गेला. दोनदा मागे आला.

त्या दिवशी मुलं पिवळ्या खिशाकडे धावली. मुंगी नेमकी सर्दीने घरी होती.

शुक्रवारी मोठ्या बाई वहीसह हजर. त्यांनी आधी बोर्ड पाहिला आणि जेवणात मीठ कमी असल्यावर माणूस करतो तसा चेहरा केला. तेवढ्यात मुंगी आली, नाक लाल, मागे मैत्रीण. बाईंनी मनात ठरवलं होतं की बोट दाखवायचं नाही. ते बोट त्यांनी दुसऱ्या हाताने धरून ठेवलं.

मुंगी बोर्डापुढे थांबली. हात वर गेले, कानापर्यंत पोचले. एक कान खाजवून खाली आले. तिने पिवळ्या खिशाकडे पाहिलं, मग कार्डांच्या ओळीवरून नजर फिरवली. होडी, बादली, बदक. छत्री काढली आणि खिशात टाकली. मग बदकही काढलं आणि मैत्रिणीच्या हातात दिलं, कारण मैत्रीण अजून मांजर बघत होती.

"बाई, माझी छत्री कुठे होती?" मुंगीने विचारलं.

"इथेच होती गं."

"मग आधी का नव्हती?"

बाईंनी आधी तिचं नाक पुसलं. मोठ्या बाईंनी आधीची ओळ खोडून, पट्टीने रेघ मारून, 'तयार आहे' असं लिहिलं. शिवाय तोंडी सूचना केली, की बोर्ड जरा साधाच वाटतो, एखादं फुलपाखरू हवं. एक ठरलं. एकच, आणि तेही चमकी खरवडून.

उरलेली पंचवीस, सूर्य आणि नारिंगी कागद फुकट जायला नको म्हणून मोठ्या बाईंनी ते आपल्या ऑफिसात लावून घेतले. तेव्हापासून तक्रार घेऊन येणारे पालक पाच मिनिटांच्या वर बसत नाहीत. मोठ्या बाई याचं श्रेय आपल्या बोलण्याला देतात.

मुंगीला आता रोज हजेरीची चिठ्ठी ऑफिसात पोचवायचं काम आहे. ती मोठ्या आनंदाने जाते. दाराशी पोचली की चिठ्ठी दातांत धरते, म्हणजे दोन्ही हात कानांसाठी मोकळे राहतात.