हनुवटीची साक्ष

डॉक्टरकडे जायचं म्हणून मावशीनं बारकीला आदल्या संध्याकाळी आपल्याच पार्लरच्या खुर्चीत बसवलं. हनुवटीवरचा, ओठावरचा एकूण एक केस दोऱ्यानं उपटला आणि सकाळी मुरमांवर फाउंडेशन थापलं. बघायला येणाऱ्यांसमोर नेतात तशी नटवून तिला दवाखान्यात आणलं, आणि तिथंच घोळ झाला.

"चेहरा तर स्वच्छ दिसतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

 मागच्या डॉक्टरनं बारकीला मलम देऊन वाटेला लावलं होतं. आईचं तर एकच, "लग्न झालं की सगळं सुरळीत होतं." लग्न म्हणजे काय औषधाची बाटली आहे, रोज दोन चमचे? पण आजही हात हलवत परतावं लागलं, तर तेविसाव्या वर्षी ती पुन्हा कुणाला काही सांगणार नव्हती.

"चेहरा मीच घासलाय, बाई," मावशी म्हणाली. "अक्कल गहाण ठेवली होती मी. पण हे बघा." तिनं पिशवीतून पार्लरची वही काढली. तीन वर्षं, दर सहा दिवसांनी बारकीची वेळ. "पाळीत ही दोरा लावू देत नाही, जास्त दुखतं म्हणते. तेव्हा मी फुली मारते."

डॉक्टरीणबाईंनी गेल्या वर्षाच्या फुल्या मोजल्या. बाराच्या जागी पाच.

"गुपित राहू दे की थोडं," बारकी पुटपुटली.

"वही बोलते, मी नाही."

"तोंड धुऊन ये. आणि मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा."

दार लागल्यावर बाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं. गरोदर असण्याची शक्यता? कुठल्या गोळ्या? केस एकदम वाढले का? आवाज घोगरा झाला का? मग वजन, कंबर, रक्तदाब.

"पीसीओएस वाटतंय, म्हणजे हार्मोनचा तोल जाऊन पाळी लांबते, केस-मुरमं वाढतात. पण नुसत्या अंदाजावर शिक्का मारत नाही. आधी गरोदरपणाची चाचणी. मग थायरॉईड, प्रोलॅक्टिन, पुरुषी हार्मोन, आणि असंच सोंग घेणारा दुसरा आजार नाही ना, त्याची एक. शिवाय साखर आणि कोलेस्टेरॉल. सोनोग्राफी गरज पडली तरच."

"मूल होईल ना?"

"बहुतेकींना होतं. काहींना औषधाची मदत लागते. आणि हे तुझ्या चुकीनं झालेलं नाही."

बारकीनं ते दोनदा ऐकलं, एकदा कानानं आणि एकदा तीन वर्षांच्या लाजेनं.

दोन आठवड्यांनी रिपोर्ट आले. बाकी सगळं ठीक, पुरुषी हार्मोन मात्र जास्त. पीसीओएसच. पाळी नियमित करायच्या गोळ्या मिळाल्या, रोज भरभर चालायला सांगितलं. केसांवर फरक दिसायला सहा महिने लागतील.

"म्हणजे सहा महिने तरी माझं गिऱ्हाईक कुठं जात नाही," मावशी खुशीत म्हणाली.

बारकीनं दवाखान्याच्या पायरीवरूनच आईला फोन लावला.

"आई, चिठ्ठीत गोळ्या आहेत. लग्न कुठं लिहिलेलं नाही, मी दोन्ही बाजू बघितल्या."