लाल पानाचं हॉटेल

मुरबाडच्या मोटार-थांब्यासमोर सावळारामचं हॉटेल होतं आणि रस्त्यापलीकडे राघोचं. दोन्हींच्या पाट्या निळ्या, दोन्हींच्या किटल्या काळ्या, आणि दोन्हींकडचे वाढपी धोतर-बंडीतले पोरगे. आता सांगा, मोटारीतून उतरलेल्या परक्या माणसानं कुणाला कुणाचा म्हणावं? गेल्या साली म्हसा गावच्या जत्रेत राघोच्या माणसांनी "सावळारामचं हॉटेल हेच" म्हणून धसईचे शेतकरी ओढून नेले आणि आंबलेली आमटी वाढली. पोटं बिघडली त्यांची, नाव बिघडलं सावळारामचं. वर्षभर धसईचं माणूस त्याच्या बाकावर टेकलं नाही. करणारा राहिला बाजूला, बोंब आली भलत्याच्या दारात!

सावळारामची बायको सुंदरा पहाटे चुलीपुढे बसायची ती दुपारीच उठायची. नाचणीची भाकरी तिच्या हातची, आमटी तिच्या हातची. लोक शिव्या घालून जायचे तेव्हा तिला वाटायचं, रस्त्यावर जाऊन ओरडावं, बाबांनो, ती आमटी माझी नव्हे! पण ओरडून कुणी ऐकतं होय?

अशात मोटारवाले देवजीशेठ येऊन बसले. कल्याण-मुरबाड-धसई त्यांच्या मोटारी धावत. चहा बशीत ओतत ते म्हणाले, "सावळाराम, माझ्या मोटारी ह्यापुढं एकाच हॉटेलापाशी थांबणार. पण तुमची ओढाओढ नको. गेल्या वर्षी एका बाईचं लुगडं फाटलं. हॉटेलाची तसबीर मी कल्याणला न् धसईला लावतो. उतारूनं ती बघावी न् हितं उतरून आपलं आपण हॉटेल वळखावं. तुमी तोंडातून शब्द काढायचा नाय. जत्रेच्या पयल्या दिवशी मी सोता बघेन, लोक आपसूक ज्याच्याकडं जातील त्याचा थांबा. राघोलाबी हेच सांगितलंय. त्याची तसबीर तर तयार हाय."

शेठ गेले आणि सावळाराम खांबाला टेकून उभा राहिला. थांबा राघोकडे गेला तर हॉटेलाला टाळंच लागणार होतं. मग आहेच थोरल्या भावाच्या दारात परत जाणं आणि त्याच्या बायकोचे टोमणे खाणं.

सावळाराम मात्र उमेदीचा गडी. तरुणपणी त्यानं मुंबईच्या एका हॉटेलात कपबशा विसळल्या होत्या. तिथले वाढपी एप्रन घालत, ते त्याच्या डोळ्यांत बसलेलं. "सगळ्यांना पांढरे एप्रन! आणि त्याच्यावर नाव. पुरं नाव!" त्यानं मास्तरांकडून अक्षरं लिहून आणली: श्री सावळाराम विश्रांतिगृह, शुद्ध व स्वच्छ, मुरबाड.

"एवढी अक्षरं पोटावर मावायची कशी?" सुंदरा म्हणाली.

"बारीक कर गो. आणि निळ्या कापडाची कर. आपली पाटी निळी हाय."

सुंदरानं हातमशीन पुढे ओढलं. निळ्या कापडाची अक्षरं कातरली, एकेक करून पांढऱ्या कापडावर शिवली. 'श्र' कातरता कातरता तिची बोटं सोलून निघाली. "तुमचं नाव गणा नाय तर बाळा असतं तर काय बिघडलं असतं!" ती म्हणाली. सावळाराम हसला, पण एक अक्षर कमी करायला तयार होईना.

शहापूरहून अनंता फोटोग्राफर आपला तीन पायांच्या तिकाटण्यावरचा कॅमेरा घेऊन आला. सावळाराम मध्ये खुर्चीवर, बाजूला नथू, लडकू आणि धाऊ हे तिघे वाढपी, पुढे किटल्या मांडलेलं टेबल. सुंदरा दाराआडून बघत होती. बाईमाणसानं तसबिरीत उभं राहायचं, ही गोष्टच कुणाच्या मनात आली नाही. तिच्याही नाही.

चार दिवसांनी अनंता तसबीर घेऊन आला आणि सगळे तिच्यावर वाकले. एप्रन होते. पांढरेशुभ्र, कोरे! नावाचा मागमूस नाही. खाली तर किटल्यांनी पोटंच झाकलेली. चौघं जण दुकान सोडून उभ्या राहिलेल्या न्हाव्यांसारखे दिसत होते.

"माझं नाव कुठं गेलं?" सावळाराम किंचाळला.

"निळा रंग कॅमेऱ्यातल्या फोटोच्या काचेवर असाच पांढरा येतो," अनंता ओशाळून म्हणाला. "आकाश बघा ना, कोऱ्या कागदासारखं दिसतं. मी आपला चेहरे बघत होतो. कपड्याचं लक्षात आलं नाही."

"आता सांगतोस होय रे!" सावळाराम मटकन खाली बसला. "माझं नशीबच फुटकं."

तेवढ्यात नथू हळूच म्हणाला, "मालक, रागवू नका. पण तसबिरीत अक्षरं आली असती तरी मला काय कळलं असतं? माझ्या पोटावर काय लिवलंय ते मला अजून ठाव नाय."

खरं होतं ते. धसईच्या मोटारीतून उतरणाऱ्यांत वाचणारा असा किती? आणि वाढपी रस्त्यानं चहा घेऊन चालला की मागून तर तो नुसता नथूच. सुंदराला हसूही आलं आणि रडूही आलं. एवढी बोटं सोलली ती कुणासाठी?

अनंताच्या पिशवीत दुसऱ्यांच्याही तसबिरी होत्या. त्या चाळता चाळता एका लग्नाच्या तसबिरीवर सुंदराचा हात थांबला. नवरीच्या कपाळावर कुंकू होतं. आडवं, ठसठशीत, काजळासारखं काळंभोर.

"हे काय वो, कुंकू काळं?"

"लाल रंग काळाच येतो, वहिनी. काचेला लाल दिसतच नाही. म्हणून तर माझ्या अंधाऱ्या खोलीत मी लाल दिवा लावतो, काच खराब होत नाही."

सुंदरा एकदम उठली. "मंग लालच लावायचं! पांढऱ्यावर लाल. रस्त्यात लांबून दिसंल न् तसबिरीतबी उठून येईल. आणि अक्षरं नकोत. चित्र पायजे."

"कसलं चित्र? किटली?" सावळारामनं विचारलं.

"किटली काय राघोकडं नाय? आपल्याकडं काय हाय ते सांगा." ती आत गेली आणि पत्रावळींच्या गठ्ठ्यातून एक पळसाचं पान घेऊन आली. पत्रावळी तिच्या माहेरहून, डोळखांबहून यायच्या. राघो जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ताटल्यांत वाढायचा. पळसाच्या एका देठावर तीन गोल पानं, बस. रानात वाढलेल्या कुणालाही लांबून ओळखू यावं असं.

"पळसाला पानं तीनच, कुठंबी जा," सावळाराम म्हणाला. "ते सगळ्यांचंच झालं की. आपलं काय त्यात?"

"सगळ्यांना ठाव हाय म्हणूनच बरं. शिकवायला नको."

"आणि लाल? पान लाल असतं होय गो कुठं? लोक हसतील!"

"हसू देत. हसलं म्हणजे ध्यानात राहील."

सावळारामनं कात्री उचलून तिच्या हातात दिली.

सुंदरानं कागदाची पानं कातरली, लहान, मध्यम, मोठी. नथूच्या पाठीवर एकेक टाचून त्याला रस्त्याच्या टोकाच्या चिंचेपर्यंत चालत पाठवलं. लहान पान डाग दिसत होतं. मध्यम पान म्हणजे ठिगळ. पंज्याएवढी तीन पानं लावली तेव्हा कुठे चिंचेखालूनही पळस दिसला. वाण्याच्या वह्यांना घालतात तो जाड लाल कपडा, खारवा, आणला, उकळत्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बघितला. रंग उतरला असता तर पहिल्याच धुण्यात सगळे एप्रन गुलाबी झाले असते. खारवा टिकला. मग एक पान एप्रनवर छातीशी शिवलं, किटलीच्या आणि टेबलाच्या वर राहील असं. एक पान बंडीच्या पाठीवर, रस्त्यासाठी. उसवलेल्या अक्षरांची भोकं पोटावर राहिली होती, ती झाकायला तिथं रुंद खिसा लावला, फडकं ठेवायला. आणि प्रत्येकाला दोन-दोन जोड. हळदीचे डाग पडलेलं पांढरं घालण्यापेक्षा उघडं बरं!

अनंता पुन्हा आला. ह्या खेपेला टेबल बाजूला सारलं. वाढपी रांगेत उभे राहिले. सावळाराम खुर्चीशी गेला, बसला, पुन्हा उठला. दाराकडे बघून म्हणाला, "तू ये गो."

"मी? काहीतरीच! लोक काय म्हणतील?"

"भाकरी तुझी, पान तुझं. मी काय केलं? नावाचा घोळ घातला. ये, बस हितं."

सुंदरानं हात धुतले, कुंकू सारखं केलं आणि खुर्चीवर बसली. कॅमेऱ्याकडे बघताना मान तिनं खाली घातली नाही. आतून तिला फार फार बरं वाटत होतं.

तसबीर आली ती अशी, की बघत राहावं. पांढऱ्या एप्रनांवर पळसाची काळीभोर पानं. शेठनी ती कल्याणला आणि धसईला राघोच्या तसबिरीशेजारी लावली.

जत्रेचा पहिला दिवस उजाडला. धसईची मोटार धुरळा उडवत आली. पुढच्या बाकावर देवजीशेठ, गप्प. सावळारामची माणसं ओळीनं उभी, तोंडं शिवल्यासारखी. आणि समोर बघतात तर काय! राघोच्या वाढप्यांनीही पांढरी फडकी बांधली होती आणि त्यांवर सावळारामच्या तसबिरीतल्यासारखी डांबरानं तीन पानं काढली होती. काळी.

सुंदरा दारातून पुढे आली. लोकांनी धसईला बघितलं ते काळं पान. इथं काळं पान राघोकडे, तिच्याकडे लाल. लाल रंगाच्या हट्टानं आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला की काय!

उतारू खाली उतरले आणि घोटाळले. "काळ्या पानाचं हॉटेल ते," एक जण म्हणाला आणि राघोकडे वळला. त्याच्यामागे दुसरा. सावळारामनं ओरडायला तोंड उघडलं. सुंदरानं त्याचा दंड धरला.

शेवटी उतरली ती धसईची भागीरथी म्हातारी, गेल्या वर्षी राघोच्या आमटीनं आठ दिवस अंथरुणाला खिळलेली. तिनं ह्या बाजूला बघितलं, त्या बाजूला बघितलं. मग डोळ्यांवर हात धरून सुंदराच्या कपाळाकडे बघतच राहिली.

"अरे ए, मागं फिरा रे मेल्यांनो!" ती खणखणीत आवाजात ओरडली. "तसबिरीत ह्या बाईचं कुंकूबी काळंच होतं की! आता बघा, लाल हाय का नाय? मंग पान काय येगळं? लाल पानाचं हॉटेल हे!"

गेलेले दोघे थबकले. मागे वळून त्यांनी सुंदराच्या कपाळाकडे बघितलं, नथूच्या छातीवरच्या पानाकडे बघितलं, आणि खदखदून हसत रस्ता ओलांडून परत आले. त्यांच्यामागे सगळी मोटार. राघोची माणसं हातात किटल्या घेऊन तशीच उभी राहिली.

देवजीशेठ सावकाश खाली उतरले. "मी काय बोललो नाय आणि तुमीबी काय बोलला नाय," ते सावळारामला म्हणाले. "थांबा तुमचा."

सावळारामनं हात जोडले.

भागीरथी बाकावर टेकली. पत्रावळीवर ऊनऊन भाकरी आली, आमटी आली. म्हातारीनं आधी वास घेतला, मग बोट बुडवून चाखलं. सुंदरा समोर पदर मुठीत धरून उभी होती.

"ही तुझ्या हातची?"

"व्हय."

"मंग गेल्या साली मी ज्या आमटीला शिव्या घातल्या ती तुझी नव्हती."

"नाय, आजी," सुंदरा म्हणाली, आणि वर्षभर अडकलेलं रडू तिथंच, सगळ्यांसमोर, तिच्या डोळ्यांतून वाहू लागलं.

"रडतेस काय गो? आणखी एक भाकरी घाल," म्हातारी म्हणाली.