मंदाबाईचा अंगठा

पंचवीस वर्षांच्या वकिलीत हरलेले खटले मला फारसे आठवत नाहीत. जिंकलेला एक मात्र अजून डोक्यातून जात नाही.

१९९४ साली मी चोपड्याच्या कोर्टात वकिली करत होतो. माझ्या ओळखीतल्या उखर्डू नानांची लेक मंदाबाई तीन वर्षांच्या छायाला कडेवर घेऊन आली. तिचा नवरा लीलाधर सुरतेला लूमवर कामाला. 'पोर माझी नाही' असं म्हणून त्यानं दोघींना घराबाहेर काढलं होतं. आम्ही पोटगीचा अर्ज केला, तसा त्याच्या वकिलानं प्रतिअर्ज टाकला: मुलीचं, आईचं आणि नवऱ्याचं रक्त हैदराबादच्या प्रयोगशाळेत पाठवून डीएनए तपासणी करावी.

तेव्हा डीएनए हा शब्द वकिलांच्या बार रूममध्येही निम्म्या लोकांना नीट उच्चारता येत नव्हता. मी मंदाबाईला समजावलं.

ती चटकन म्हणाली, "ल्या ना रगत, आबा! मी काय चोरी करेल शे का?"

तिथंच मी कागद ओढून 'तयार आहे' असं लिहायला हवं होतं. पण मला शहाणपण सुचलं. लग्न टिकून असताना झालेलं मूल कायद्यानं नवऱ्याचंच. गर्भ राहिला त्या दिवसांत नवरा-बायकोची गाठच पडणं शक्य नव्हतं, हे त्यानं सिद्ध केलं तरच गोष्ट वेगळी. शिवाय सर्वोच्च न्यायालयानं आदल्याच वर्षी सांगितलं होतं की, कुणी मागितली म्हणून रक्ततपासणीचा हुकूम द्यायचा नाही, मुलावर अनौरसपणाचा शिक्का बसेल याचा विचार करायचा, आणि कुणाचं रक्त जबरदस्तीनं घ्यायचं नाही. पोरीचा बाप कायद्यानं पक्का असताना तो पणाला कशाला लावायचा?

हे कारण खरं होतं, आणि आजही मी ते चूक म्हणणार नाही. पण त्याच्याखाली दुसरं कारण दडलेलं होतं. मनात म्हटलं, बाई बोलतेय ठसक्यात, पण उद्या अहवाल उलटा आला तर? माझा तिच्यावर विश्वास नव्हता.

"तू गप्प बस, मी बघतो," म्हणालो. प्रतिअर्जावर तिच्या वतीनं लेखी म्हणणं तयार केलं, वाचून न दाखवता तिचा अंगठा घेतला.

उलटतपासणीत लीलाधरला विचारलं, "माघात चुलतभावाच्या लग्नाला गावी आला होतात ना?"

"दोन दिवस."

"मुक्काम कुठं?"

"घरी."

छाया त्याच वर्षीच्या कार्तिकात जन्मलेली. कोर्टात कुणाला बोटांवर महिने मोजावे लागले नाहीत. तपासणीचा अर्ज फेटाळला गेला, पोटगी मंजूर झाली, निकालात छाया लीलाधरची औरस मुलगी ठरली. मी बार रूममध्ये सगळ्यांना चहा पाजला.

पुढं मी जळगावला, पिंप्राळ्यात राहायला आलो. १९९९ मध्ये एका दुपारी मायलेकी दारात उभ्या. छाया तिसरीत होती.

"गाव बोलस, आबा," मंदाबाई म्हणाली. "'कर नाही त्याला डर कशाला? रगत द्यायला भ्यायली,' म्हणतस. पोरले शाळामां चिडावतस. मी हो सांगं व्हतं, हाई कागदवर व्हयी ना? तो कागद द्या."

फाईल मिळत नाही, असं सांगता आलं असतं. पण फाईल मागच्या कपाटात वरच होती आणि तिनं ती पाहिली होती. मी त्यातला लेखी म्हणण्याचा कागद काढला. मंदाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं तो लेकीच्या हातात दिला.

छायानं अक्षराखाली बोट धरून मोठ्यानं वाचलं, "अर्जदार स्वतःचे व मुलीचे रक्त देण्यास तयार नाही."

"हाई मी कव्हय सांगं?"

"तू नाही. मी लिहिलं."

"अंगठा तं मना शे."

आता तपासणी करू म्हणण्यातही अर्थ नव्हता. लीलाधरनं सुरतेत दुसरा संसार मांडला होता; तो आता रक्त द्यायला येणार नव्हता. त्याला हवं ते उत्तर माझ्या त्या एका ओळीनं देऊन टाकलं होतं. मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं: मंदाबाई रक्त द्यायला तयार होती, नकार माझा होता. खाली सही केली. छायानं तो वाचला. मंदाबाईनं पुन्हा वाचायला लावला, मग पदराच्या टोकाला बांधला. या कागदाला गावात कोण विचारणार, हे तिलाही कळत होतं.

दारात ती थांबली. "आबा, तव्हय तुम्हले बी माझ्यावर शंका व्हती का?"

छाया माझ्या तोंडाकडे बघत होती. पोरीसमोर 'हो' म्हणवेना.

"नाही," मी म्हणालो.

मंदाबाईनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग लेकीचा हात धरून ती पायऱ्या उतरली.