कोनाड्यातलं पाणी

ओळंबा मिस्त्री हे नाव त्यांना बरोबरीच्या कारागिरांनी चिडवायला ठेवलं होतं. भिंत डोळ्यांना कितीही सरळ दिसो, दोरी सोडून बघितल्याशिवाय हा गृहस्थ थापीला हात लावायचा नाही. चिडवता चिडवता नाव असं चिकटलं, की कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ते दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत का म्हणून मागे वळून बघत.

असा माणूस लेकीच्या सासरी बाथरूमच्या टाइल्स बसवायला गेला, म्हणजे पहिल्या दिवसापासून प्रत्येक माप तीन-तीनदा घेणं आलं. परक्याच्या घरी काम बिघडलं तर गिऱ्हाईक चार शब्द सुनावतं, आपण पुन्हा करून देतो, विषय संपतो. इथे बिघडलं तर ते चार शब्द लेकीने जन्मभर ऐकायचे. मिस्त्रींनी आधी नाहीच म्हणून बघितलं होतं. पण विहीणबाई म्हणाल्या, "घरात सोनार असताना बाहेरून कान टोचून घ्यायचे का?" मिस्त्रींनी अवजारांची पिशवी उचलली.

विहीणबाई मनाने वाईट नव्हत्या, फक्त जिभेला हाड नव्हतं. त्यांची एकच मागणी होती. "व्याही, खाली त्या शाम्पूच्या बाटल्यांचा पसारा बघा. पाय ठेवायला जागा नाही. शॉवरशेजारी भिंतीत एक छानसा कोनाडा करा. आणि ही पंपाची मोठी बाटली त्यात उभी राहिली पाहिजे. आडवी नको."

मिस्त्रींनी मोठी बाटली मोजली, पंप दाबायला वर हात जावा म्हणून चार बोटं जास्त धरली, टाइल आणि चिकटवायच्या मसाल्याची जाडी चारही बाजूंनी मिळवली. मग भिंतीवर टाइल्सच्या रेघा मारल्या आणि कोनाडा वीतभर डावीकडे सरकवला. का, तर कडा बरोबर सांध्यावर याव्यात, कुठे बोटभर पट्टी कापून लावायची वेळ येऊ नये. तसली पट्टी म्हणजे मिस्त्रींना दातात अडकलेला तंतू वाटे.

भिंत सहा इंची होती. पलीकडे लेकीची खोली. कोनाडा खोदायच्या आधी पलीकडे काय आहे ते बघून यावं, हे कालच्या पोरालाही कळतं. मिस्त्री खोलीच्या दारापर्यंत गेलेही. पण आत लेकीचा पलंग, जावयाचे कपडे, बाळाची दुपटी. सिमेंटने भरलेल्या पायांनी बापाने तिथे कसं शिरायचं? ते दारातूनच म्हणाले, "त्या भिंतीवर काही नाही ना गं?"

"काही नाही बाबा," लेक आतून म्हणाली. त्या दिवशी खरंच काही नव्हतं.

त्यांनी चार इंच खोल कोनाडा खोदला. आतून गिलावा केला. तळाला बाहेरच्या बाजूला उतार दिला, चार इंचाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याहून कमी दिला तर पाणी मागच्या कोपऱ्यात साचून बसतं, जास्त दिला तर साबणाच्या पाण्यावरून बाटली घसरते. कोपऱ्यांत जाळीची पट्टी दाबली आणि वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले, एक आडवा आणि तो वाळल्यावर दुसरा उभा, कोनाड्याबाहेर भिंतीवर हातभर पसरून. टाइल पाणी अडवत नाही. पाणी अडवतो तो टाइलमागचा हा लेप, आणि टाइल लागली की तो कुणाला दिसत नाही. चुकला असला तरी दिसत नाही.

लेप वाळला त्या दुपारी पलीकडून ठोकल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. मिस्त्रींनी मान वर केली. फोटोसाठी खिळा मारत असतील, असं स्वतःला सांगितलं आणि फरश्या भिजत घालायला गेले. उठून विचारायला हवं होतं. पण सुनेच्या खोलीत काय ठोकताय, असं विहिणीला कसं विचारायचं?

संध्याकाळी त्यांनी आपली नेहमीची परीक्षा घेतली. बहुतेक कारागीर जमिनीवर पाणी तुंबवून बघतात, कोनाड्याच्या वाटेला कुणी जात नाही. मिस्त्री जात. कोनाड्याच्या तोंडाला फळी लावली, कडा पुट्टीने बुजवल्या, आत पाणी भरलं, पाण्याच्या पातळीला पेन्सिलीने रेघ मारली आणि घरी गेले.

सकाळी ते आले तेव्हा पाणी रेघेच्या चार बोटं खाली होतं.

मिस्त्रींनी फळीच्या कडांवरून हात फिरवला. कोरड्या. खाली जमीन कोरडी. कोनाड्याखालची भिंतही कोरडी खडखडीत. पाणी काही उडून जात नाही. ते पुढे आलेलं नव्हतं, म्हणजे मागे गेलं होतं.

मागे लेकीची खोली होती, आणि त्यांना कालचं ठोकणं आठवलं.

ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हणाले, "विहीणबाई, काल पलीकडे काय ठोकत होते?"

"अहो, वायरमन आला होता," मिक्सरचं झाकण लावत विहीणबाई म्हणाल्या. "पाळण्याजवळ प्लग नव्हता ना. रात्री पंखा लावायला, फोन लावायला. म्हटलं घरात तोडफोड चाललीच आहे, तर तेही उरकून घेऊ." आणि त्यांनी मिक्सर सुरू केला.

मिस्त्रींनी मनात हिशोब मांडला. सहा इंचाची भिंत. अलीकडून त्यांनी चार इंच खाल्लेली, पलीकडून वायरमनने प्लगच्या पेटीसाठी दोन. मध्ये उरला असेल तो गिलाव्याचा पापुद्रा, आणि छिन्नीच्या घावांनी त्याला तडा गेला, लेपासकट. त्यातून रात्रभर पाणी लोखंडी पेटीत उतरत होतं. आणि पेटीखाली पाळणा.

लेकीच्या खोलीचं दार बंद होतं. आतून काहीच आवाज येत नव्हता, बाळाचाही नाही. बाळ तर या वेळेला रडून घर डोक्यावर घेई.

मिस्त्री दाराकडे धावले नाहीत. धावावंसं वाटत होतं, फार वाटत होतं, पण दार वाजवलं आणि ती दचकून उठली आणि झोपेच्या भरात तिने भिंतीला हात टेकला तर? ते उलटे फिरले, जिन्याच्या तोंडाशी जुना बोर्ड होता, त्याचा मुख्य खटका त्यांनी दोन्ही हातांनी खाली ओढला. मिक्सर घरघरून थांबला. पंखे मंदावले.

"लाइट गेली का हो?" विहीणबाईंनी विचारलं.

"मी घालवली! बोर्डाकडे येऊ नका!" मिस्त्री ओरडले. लेकीच्या सासरी ते पहिल्यांदाच ओरडले होते. मग त्यांनी मुठीने दार बडवलं. "भिंतीला हात लावू नकोस! ऐकतेस ना? अगं, ओ दे!"

ओ आली नाही. त्यांनी पुन्हा दार बडवलं. मनात नको नको ते येत होतं. त्यातला एक विचार तर हलायलाच तयार नव्हता: हे मी केलं, माझ्या हातांनी केलं.

कडी निघाली. लेक उभी होती, केस विस्कटलेले, खांद्यावर झोपलेलं बाळ. दोघंही धडधाकट.

मिस्त्रींनी चौकट धरली. मग सिमेंटचे पाय तसेच टाकत ते पहिल्यांदा त्या खोलीत शिरले. खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला, प्लगची पाटी खोलली. पेटीतून पाण्याची धार भिंतीवरून खाली आली आणि जमिनीवर पसरू लागली.

पण खाली पाळणा नव्हता. तो पार खिडकीकडे ढकललेला होता. भिंत आणि पाळणा यांच्या मध्ये पलंग होता, आणि पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला चुरगळलेली चादर, लेक झोपली होती तिथली.

"पाळणा कुणी हलवला?" मिस्त्रींनी विचारलं.

"मी. रात्री." लेकीने मान खाली घातली. "फोन लावायला गेले तर बोटांना झिणझिण्या आल्या. भिंतही गार लागत होती. म्हणून बाळाला लांब केलं, आणि मध्ये मी झोपले. झोपले कसली, जागीच होते. पहाटे कुठे डोळा लागला."

"मग सांगितलं का नाहीस? जावई नाहीत गावात, तर सासूबाईंना उठवायचं!"

"काय सांगू?" ती अगदी हळू बोलली. "तुमचं काम आहे ना बाबा. म्हटलं, सकाळी तुम्ही आलात की एकट्याला सांगेन. तुम्हाला कुणी काही बोललेलं मला नाही ऐकवत."

मिस्त्री पलंगाच्या कडेला बसले. रात्रभर ही पोर विजेच्या भिंतीकडे पाठ करून पडली होती, बापाच्या नावाला बोल लागू नये म्हणून. ज्या भीतीने ते दारातून परतले होते, तीच भीती तिने त्यांच्याकडून उचलली होती. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

विहीणबाई दारात आल्या होत्या. भिंतीवरून ओघळणारं पाणी त्यांनी पाहिलं आणि त्या सुनेजवळ येऊन उभ्या राहिल्या.

मिस्त्री उठले. "विहीणबाई, चूक माझी आहे," ते म्हणाले. "भिंत खोदली, पण पलीकडे काय आहे ते डोळ्यांनी बघितलं नाही. काल ठोकणं ऐकूनही विचारलं नाही. काय बोलायचं ते मला बोला, हिला नाही."

विहीणबाईंनी बाळाच्या पाठीवरून हात फिरवला. "आधी त्या मेल्या वायरमनला बोलवा," त्या म्हणाल्या. "बोलायचं मागाहून बघू. माझं काय, कधीही बोलता येतं."

वायरमनने तारा कापून पेटी काढली. मिस्त्रींनी कोनाडा विटांनी भरला आणि दोन्ही बाजूंनी गिलावा केला. मग नव्या कोनाड्यासाठी बाथरूमची जिन्याकडची नऊ इंची भिंत निवडली. या वेळी जिन्यात जाऊन ती वरपासून खालपर्यंत बघितली, हाताने चाचपली, नळ-वायर काही जात नाही याची विहीणबाईंसमोर वायरमनकडून खात्री करून घेतली. मग पेन्सिलीने चौकोन आखला, तो सरळ आला. खालची कड बरोबर टाइलच्या सांध्यावर बसली.

लेक बाळाला घेऊन दारात उभी होती. तिने आखलेल्या चौकोनाकडे बघितलं, मग स्वयंपाकघराकडे, मग पुन्हा चौकोनाकडे.

"बाबा, एक सांगू?"

मिस्त्री पेन्सिल धरूनच वळले. "सांग."

"हे फार उंच आहे. डोळ्यांत फेस असताना हात वर करून बाटली काढायची, म्हणजे ती माझ्या डोक्यात पडणार."

"काय गं, काय झालं आता?" स्वयंपाकघरातून विहीणबाई ओरडल्या.

लेकीने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग तिने घरभर ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिलं, "काही नाही आई, बाबांनी कोनाडा चुकीच्या जागी आखलाय!"

मिस्त्रींनी अंगठा पाण्यात बुडवला आणि रेघ पुसून टाकली. सांध्यावर येवो नाहीतर न येवो, पट्टी कापावी लागली तर लागली. त्यांनी पेन्सिल लेकीच्या हातात दिली आणि बाळाला आपल्याकडे घेतलं.

"तूच दाखव, कुठे हवाय," ते म्हणाले.