तिसऱ्या युनिट टेस्टला किती हवेत

रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपवून घरी आल्यावर पप्पाने शर्टही न बदलता जाहीर केलं की, जेवायच्या आत तो माझं भविष्य ठरवणार. भविष्य म्हणजे फार काही नाही. मी नववीत आहे, शाळेच्या फुटबॉल टीमची गोलकीपर आहे आणि मे महिन्यात कोल्हापूरला दहा दिवसांचा कॅम्प आहे. आमच्या शाळेचा नियम असा की, प्रत्येक विषयात वीसपैकी तेरा इंटर्नल मार्क असतील तरच कॅम्प. नसतील तर मे महिनाभर रोज सकाळी आठ ते अकरा त्या विषयाचा जादा वर्ग. बाकी विषयांत मी तेराच्या वर होते. गणितात मी कुठे होते ते नक्की कुणालाच माहीत नव्हतं, आणि गणितात असाल तर हे साहजिक आहे.

सोमवारी गणिताची तिसरी, म्हणजे शेवटची युनिट टेस्ट होती. टेस्टच्या आदल्या दिवशी माणसं अभ्यास करतात. आम्ही टेस्टला किती मार्क लागतील ते काढायला बसलो.

पप्पा मरोळला एका धर्मकाट्यावर ऑपरेटर आहे. ट्रक भरलेला येतो, त्याचं वजन. रिकामा होऊन परत येतो, त्याचं वजन. मग वजाबाकी आणि पावती. एकवीस वर्षांत तीन ड्रायव्हर त्याच्यावर धावून गेलेत, पण त्याची वजाबाकी कुणी चुकीची काढलेली नाही. त्यामुळे घरातलं सगळं गणित त्याच्याकडे. माझी मम्मी ल्युसी बँकेत आहे, पण तिला कुणी विचारत नाही.

"बोल," पप्पा म्हणाला. "पहिल्या टेस्टला?"

"नऊ. पंचवीसपैकी."

"दुसरीला?"

"सोळा."

"सोळा कसे काय?"

"मिसनाही तसंच वाटलं. पेपर दोनदा तपासला."

"बाकी?"

"वहीचे पाचपैकी चार. उपक्रमाचे पाचपैकी तीन. टेस्टचा ॲव्हरेज काढून तो दहापैकी करतात. दहा, पाच, पाच, झाले वीस."

पप्पाने पेन उघडलं. वही आणि उपक्रमाचे मिळून सात. म्हणजे तेरापर्यंत जायला टेस्टमधून सहा हवेत. दहापैकी सहा म्हणजे पंचवीसपैकी पंधरा. ॲव्हरेज पंधरा म्हणजे तीन टेस्टची बेरीज पंचेचाळीस. त्यातले नऊ आणि सोळा, पंचवीस, हातात.

"वीस," पप्पा म्हणाला. "उद्या वीस आण."

मला माझ्या आयुष्यात गणितात वीस कधी पडले नव्हते. पाचवीत एकदा पडले होते, पन्नासपैकी. पप्पालाही हे माहीत होतं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं तो टायर फुटलेल्या ट्रककडे पाहतो.

"पप्पा, तिन्ही धरत नाहीत. बेस्ट टू धरतात. सगळ्यात कमी सोडून देतात."

"हे आधी सांगायला काय होतं?"

"तू विचारलं नाहीस."

नऊ गेले. दोनच टेस्टचा ॲव्हरेज पंधरा, म्हणजे बेरीज तीस. तीसमधून सोळा गेले, राहिले चौदा. एका वाक्यात माझे सहा मार्क वाचले. अभ्यासाने इतक्या वेगात कधी काही झालेलं मी पाहिलं नव्हतं. मी पुढे रेटलं.

"आणि पॉइंट फाइव्ह किंवा त्याच्या वर असलं की राऊंड करतात."

पप्पाचे डोळे चमकले. राऊंड करणं हा त्याचा धर्म आहे. त्याचा काटा दहा-दहा किलोंच्या उड्या मारतो. चार किलो जास्त असले तर ते गेले, सहा असले तर दहा होऊन आले. तो ड्रायव्हरांना सांगतो की देव वरून पाहतोय, पण तोही दहाच्या पटीत.

"मग तेरा कशाला?" तो म्हणाला. "साडेबारा पुरे. साडेबाराचे तेरा होणार. टेस्टमधून साडेपाच हवेत." त्याने खरडलं. दोन टेस्टची बेरीज भागिले पाच की दहापैकीचे मार्क. साडेपाच गुणिले पाच, साडेसत्तावीस. वजा सोळा.

"साडेअकरा!"

"सेबी, पोरीला अभ्यासाला सोड," मम्मी बोंबील साफ करता करता म्हणाली.

"अभ्यास कमी करतोय तिचा," पप्पा म्हणाला, आणि ते खरंच होतं.

मग त्याला सुचलं की काटा दोन्ही वेळा राऊंड करतो, भरलेला आणि रिकामा. शाळेनेही प्रत्येक पायरीला करायला हवं. अकरा पडले समजा. सोळा आणि अकरा सत्तावीस, ॲव्हरेज साडेतेरा, राऊंड करून चौदा. चौदाचे दहापैकी पाच पॉइंट सहा, राऊंड करून सहा. सहा आणि सात तेरा. म्हणजे अकरा.

"आणि पेपरमध्येच साडेदहा पडले तर?" मी म्हणाले.

पप्पाने पेन परत उचललं. साडेदहाचे अकरा. अकराचे चौदा. चौदाचे सहा. सहाचे तेरा. सकाळी वीस होते, बोंबील तळून होईपर्यंत साडेदहा. आणखी दोन तास बसलो असतो तर शाळेने मला काही परत द्यायचं निघालं असतं. पण जेवण झालं, आणि पप्पा झोपला.

दुपारभर मी साडेदहाचा अभ्यास केला. त्रिकोणमितीचं पान मी अदबीने उलटलं आणि परत गेले नाही.

सोमवारी पेपरमध्ये मी समासात बेरीज करत गेले. दोन, चार, पाच, आठ, दहा, बारा. बारा झाल्यावर थांबले. दीड मार्क मी सुरक्षिततेसाठी जास्त ठेवला होता, बेजबाबदार नाही मी. दोन मार्कांचं एक उदाहरण येतही होतं. पण गरज नव्हती. उरलेली पंधरा मिनिटं मी उत्तरपत्रिकेच्या मागे पेनल्टीचे कोन काढले, आणि त्याला मार्क नाहीत हे मला त्या दिवशीही चुकीचं वाटलं.

गुरुवारी पेपर मिळाले. अकरा. भूमितीच्या सिद्धतेत कारण लिहिलं नाही म्हणून एक कापला होता.

"अकरा!" पप्पा फोनवर ओरडला. मागून एक ट्रक हॉर्न देत होता. "अर्धा जास्तच आणलास!"

शुक्रवारी कॅम्पची यादी लागली. अकरा मुली आणि दोन राखीव. गोलकीपर म्हणून निशाचं नाव होतं. निशा चांगली मुलगी आहे, पण बॉल आला की ती डोळे मिटते.

शनिवारी पप्पा अर्धी रजा टाकून शाळेत आला. हातात रविवारचा कागद, बोंबलाच्या डागासकट. आमच्या गणिताच्या शीतल मिस स्टाफरूममध्ये लॅपटॉप उघडून बसल्या होत्या.

"मिस, काट्यात गडबड आहे," पप्पा म्हणाला.

मिसनी शांतपणे स्क्रीन फिरवला. सोळा अधिक अकरा सत्तावीस. ॲव्हरेज साडेतेरा. दहापैकी पाच पॉइंट चार. अधिक चार, अधिक तीन. बारा पॉइंट चार. राऊंड करून बारा.

"साडेतेराचे चौदा नाही केलेत," पप्पा म्हणाला.

"मधे करत नाही. पेपरचा अर्धा मार्क राऊंड करतो, आणि मग शेवटी एकदा. मधे मधे करत गेलो तर काहीही होईल."

"काहीही नाही, तेरा होतात."

"तेच म्हणतेय मी."

मग मिसनी माझी उत्तरपत्रिका काढली आणि समासातली बेरीज दाखवली. "आणि हे काय आहे, लविना?"

"बेरीज, मिस."

"बरोबर आहे. अख्ख्या पेपरात सगळ्यात नीटनेटकं हेच आहे. साडेअकरा पडले असते तरी काम झालं असतं. हा पाचवा प्रश्न का सोडलास?"

मी पप्पाकडे पाहिलं. पप्पाने खिडकीबाहेर पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की दोन मार्कांचं येणारं उदाहरण न सोडवणं हा मूर्खपणा आहे. कोल्हापूरला निशा डोळे मिटून उभी दिसली.

ड्रायव्हर हरलेले असतात तेव्हा पावतीवरची प्रत्येक ओळ वाचून दाखवायला लावतात. पप्पाने तेच केलं. "हे उपक्रमाचे तीन?"

"मॉडेल उशिरा दिलं."

"आणि वहीचे चार? वही अपुरी आहे का?"

"नाही, वही पूर्ण आहे. स्वच्छता एक, पूर्णता एक, चुका दुरुस्त एक, अनुक्रमणिका एक." मिसनी वह्यांच्या गठ्ठ्यातून माझी वही ओढली. "पालकांची सही एक. ती नाहीये. सप्टेंबरमध्ये लाल पेनाने लिहून दिलं होतं."

मी वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. ती आधीच बांधलेली होती.

"सही?" पप्पा म्हणाला. "माझी सही? मी दिवसाला दोनशे सह्या करतो! लविना, वही का नाही आणलीस?"

"राहून गेलं."

मिसनी पान उघडलं. ते पान मी सप्टेंबरमध्ये दुमडून आतल्या बाजूला चिकटवलं होतं, आणि चिकटवताना मला माझा अभिमान वाटला होता. मिसनी नखाने ते सोडवलं. 'पालकांची सही?' या ओळीच्या खाली आणखी एक ओळ होती. पप्पाने ती मोठ्याने वाचली.

"'वर्गात शेजारच्यांना सतत विनोद सांगते. विनोदही बरे नसतात.'"

त्याने ती दुसऱ्यांदा वाचली, या वेळी मनात. मग पेन मागितलं.

"यादी आज दोनपर्यंत बदलता येते," मिस म्हणाल्या. "मी एवढ्यासाठी कुणाचा मे महिना अडवत नाही. पण तारीख आजची टाका, सप्टेंबरची नाही."

पप्पाने सही केली. मिसनी चारचे पाच केले. शेवटचा आकडा तेरा पॉइंट चार झाला, आणि लगेच तेरा. मी तेव्हाच उड्या मारणार होते, पण पप्पाने हात वर केला. तो कागदावर काहीतरी करत होता. कानशिलं लाल झाली होती.

"मिस," तो हळू आवाजात म्हणाला, "वहीचे पाच, उपक्रमाचे तीन, आठ. तिच्या आधीच्या दोन टेस्ट, नऊ आणि सोळा, पंचवीस. भागिले पाच, पाच. आठ आणि पाच तेरा."

"हो."

"म्हणजे तिसऱ्या टेस्टला किती हवे होते?"

मिसनी स्क्रीनकडे पाहिलं.

"शून्य. आली नसती तरी चाललं असतं. पण आम्ही मुलांना असं सांगत नाही."

"बरोबर आहे," पप्पा म्हणाला. "सांगू नये."

आम्ही बाहेर आलो. यादीवर मिसनी स्वतः माझं नाव लिहिलं आणि निशाला राखीवमध्ये टाकलं. निशाला ते ऐकून इतका आनंद झाला की तिने मला मिठी मारली. गेटपाशी पप्पा थांबला.

"मराठीची वही?"

"सही नाही."

"सायन्स?"

"नाही."

"भूगोल?"

"भूगोलात दोन शेरे आहेत."

पप्पाने माझं दप्तर घेतलं, वॉचमनच्या टेबलावर ठेवलं आणि एकेक वही काढून सह्या करायला लागला. वॉचमनने खुर्ची पुढे केली. भूगोलाच्या पानावरचे दोन्ही शेरे पप्पाने वाचले, दोन्ही विनोदांबद्दलच होते.

"हा शेजाऱ्यांना कुठला विनोद सांगितलास?"

मी सांगितला.

पप्पाने पेनाचं टोक पानावर टेकवलं. "शीतल मिस बरोबर आहेत," तो म्हणाला आणि सही केली.