नागावच्या तीन खोल्या

नेत्रा तिसऱ्यांदा नागावला निघाली, तेव्हाच तिचं डोकं तापलं होतं. प्रज्योतला होमस्टेच्या तीन नव्या खोल्यांसाठी बारा लाख हवे होते. बँकेची अधिकारी म्हणून कर्जाची शिफारस करणारी मूल्यांकन टिपणी नेत्रालाच लिहायची होती, आणि प्रज्योतच्या बँक खात्यात वर्षभरात जेमतेम साठ हजारांची उलाढाल दिसत होती.

"म्याडम, शनवार-रविवारी या, पाय ठेवायला जागा न्हाय," तो अंगणातच सुरू झाला.

"गर्दी टिपणीत कशी लिहू? उत्पन्न दाखवा."

"अख्ख्या गावाला म्हाईत हाय."

"गाव हप्ता भरणार आहे का?"

तारणाचीही तीच तऱ्हा. नारळाच्या वाडीच्या जिवावर तो उड्या मारत होता, पण सातबाऱ्यावर थळच्या काशीआत्याचंही नाव होतं, आणि आत्या सही करायला तयार नव्हती. "ती काय आज ना उद्या देईल," तो म्हणाला. नेत्राने वाडी कागदावरून सरळ खोडली. गावठाणातलं घर तेवढं त्याच्या एकट्याच्या नावावर होतं. बँकेच्या मूल्यांककाने त्याची किंमत पंधरा लाख धरली होती.

एवढ्यात एका पाहुण्याने ओटीवरचा कोड स्कॅन केला आणि स्वयंपाकघरातला डबा बोलला, "तीन हजार दोनशे रुपये प्राप्त झाले."

"हे कुणाच्या खात्यात गेले?" नेत्राने विचारलं.

प्रज्योत नारळांकडे बघायला लागला. आतून त्याची बायको सुचिता हात पुसत आली. "माझ्या. बुकिंग मीच घेते, रिटर्नही माझ्याच नावानं भरते."

"मग तीन वेळा मला का फिरवलंत?" नेत्राचा आवाज चढला.

"कर्ज बायकोच्या नावावर घेतलं तर लोक काय म्हनतील?" प्रज्योत पुटपुटला.

नेत्राने कपाळाला हात लावला.

सुचिताच्या रिटर्नप्रमाणे खर्च वजा जाता महिन्याला सरासरी बत्तीस हजार उरत होते. पावसाळ्यातले रिकामे महिने त्यातच धरलेले होते. गाडीचा चार हजारांचा हप्ता आधीपासून चालू होता. बारा लाखांचा हप्ता साडेवीस हजारांच्या घरात गेला असता, म्हणजे कमाईतला पाऊण हिस्सा हप्त्यांतच संपला असता. नेत्राने टिपणीत सात लाख लिहिले. सात वर्षांची मुदत, बारा हजारांचा हप्ता, मुख्य अर्जदार सुचिता, सहअर्जदार आणि तारणदार प्रज्योत.

मंजुरी आल्यावर दोघं शाखेत आले. प्रज्योत तोंड पाडून बसला. "बारा मागितले होते."

"सातात घरचे थोडे घातले की दोन खोल्या होतात," सुचिता त्याच्याकडे न बघता म्हणाली. "म्याडम, पैसे एकदम मिळणार का?"

"नाही. जोत्यापर्यंत काम झालं की पहिला टप्पा."

"आणि हप्ता पाच तारखेऐवजी दहाला ठेवता येईल? महिन्याच्या सुरुवातीला किराणा भरावा लागतो."

त्या फायलीवर नेत्राला कुणी पहिल्यांदाच धड प्रश्न विचारला होता. तिने दहा तारीख लिहिली आणि सहीसाठी कागद आधी सुचितापुढे सरकवला.