मगकोणबाईंचा सारांश

कॅन्सर विभागाच्या साप्ताहिक बैठकीचा सारांश केमोच्या डॉक्टरीणबाई लिहायच्या. सर्जनने त्यांचं नाव ठेवलं होतं मगकोणबाई. ‘अमुक करायला हवं’ असं कुणी म्हटलं, की त्यांचा प्रश्न ठरलेला: “बरोबर. मग कोण?”

त्या दिवशी एका बसचालक बाईंची केस आली. वय अडतीस, गुदाशयात गाठ. रेडिओलॉजिस्टने पडद्यावर एमआरआय दाखवला. गाठ अगदी खाली, आतड्याच्या भिंतीबाहेर गेलेली. सीटीत यकृतावर एक बारीक ठिपकाही होता, धड काही न कळणारा.

“आधी रेडिएशन आणि केमो, सोमवारपासून,” रेडिएशनच्या डॉक्टर म्हणाल्या.

“मग ऑपरेशन,” सर्जन म्हणाला. “पण पोटावर शौचाची पिशवी कायमची.”

“वय कमी आहे, गाठीतली डीएनए-दुरुस्तीची एमएमआर प्रथिनं तपासायला हवीत,” पॅथॉलॉजिस्टने आठवण करून दिली. सगळ्यांनी माना डोलावल्या. सर्जन पुढच्या केसकडे वळला.

“थांबा हं, मी वाचून दाखवते,” मगकोणबाई म्हणाल्या. “रेडिएशन सोमवारी सुरू. हे पक्कं, की एमएमआर बघून?”

सर्जन पुन्हा मागे वळला.

“त्या प्रथिनांत बिघाड निघाला, तर इम्युनोथेरपी आधी,” पॅथॉलॉजिस्ट म्हणाले. “रेडिएशनची घाई नको.”

“तपासणी कुणी सांगितली आहे?”

सर्जनला वाटत होतं, पॅथॉलॉजिस्ट आपणहून करतील. पॅथॉलॉजिस्ट सर्जनच्या चिठ्ठीची वाट बघत होते.

“म्हणजे घोंगडं भिजतच पडलं असतं,” बाई हसून म्हणाल्या. आवाजात दोष देणं नव्हतं. त्यांनी टाइप केलेलं पडद्यावर उमटलं: अहवाल येईपर्यंत उपचार सुरू नाहीत. बिघाड असेल तर इम्युनोथेरपी, नसेल तर रेडिएशन, केमो आणि ऑपरेशन. बायोप्सीच्या तुकड्यावर एमएमआर: पॅथॉलॉजिस्ट, शुक्रवार. यकृताचा एमआरआय: रेडिओलॉजिस्ट, गुरुवार. ठिपका कॅन्सरचा निघाला, तर केस पुन्हा बैठकीत.

“पेशंटला कोण सांगणार?”

“मी. आजच,” सर्जन म्हणाला. “नाहीतर तुम्ही मला झोपू द्यायच्या नाहीत.”

यकृतावरचा ठिपका निरुपद्रवी निघाला. प्रथिनांत मात्र बिघाड होता. इम्युनोथेरपी सुरू झाली. हा बिघाड घराण्यात असू शकतो, म्हणून मगकोणबाईंनी बसचालक बाईंच्या थोरल्या भावालाही जनुकीय सल्ल्यासाठी पाठवलं.

सहा महिन्यांनी सर्जनने दुर्बिणीतून पाहिलं. गाठीच्या जागी पांढरट व्रण उरला होता. एमआरआयही स्वच्छ.

“ऑपरेशन कधी, डॉक्टर?” बसचालक बाईंनी धीर एकवटून विचारलं.

“आत्ता नाही. तपासण्या मात्र चुकवायच्या नाहीत. गाठ परत आली, तरच ऑपरेशन.”

त्यांनी भावाचा हात घट्ट धरला. “दादा, ऐकलंस ना?” दादा नुसता रुमाल शोधत राहिला.

सर्जनने बाहेर येऊन केमोच्या विभागात फोन लावला. “बाई,” तो म्हणाला, “आता कामाला लागलेल्या नव्या डॉक्टरांना सारांश लिहायला शिकवायला हवं.” आणि पलीकडून प्रश्न यायच्या आधीच म्हणाला, “तुम्हीच शिकवा. मीही मागच्या बाकावर बसेन.”